सातची, अकराची आणि विसाची तारीख: अकाउंटंटने राजीनामा कसा लिहावा

कोणत्याही कारखान्याच्या अकाउंट्स विभागात भिंतीवरच्या कॅलेंडरवर काही तारखांभोवती लाल गोल केलेले असतात. सात तारखेला मागच्या महिन्याचा कापलेला टीडीएस भरायचा. अकरा तारखेला विक्रीचा तपशील देणारे जीएसटीआर-१ भरायचे. पंधराला कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी आणि ईएसआयसी, वीस तारखेला जीएसटीआर-३बी आणि त्यासोबत कराची रक्कम. विसाव्या दिवसानंतर जरा श्वास घेता येतो, तोवर पगारपत्रक करायची वेळ होते आणि पुन्हा सात तारीख समोर येते. मशीनवरचा कामगार चार दिवस आला नाही तर उत्पादन कमी होते आणि ते लगेच दिसते. अकाउंटंट गेल्यावर मात्र तीन आठवडे सगळे सुरळीत चालल्यासारखे वाटते. मग एखादी तारीख चुकते, आणि तिच्यासोबत काय काय चुकले होते ते पुढच्या सहा महिन्यांत हळूहळू बाहेर येते.

म्हणून अकाउंटंटचा राजीनामा इतरांच्या राजीनाम्यासारखा दोन ओळींत आटोपणारा नसतो. त्यातही संबंध गोडीगुलाबीचे असतील, जाणाऱ्याच्या मनात काही राग नसेल आणि मागे राहणाऱ्यांना मदत करायची खरोखर इच्छा असेल, तर ती इच्छा ईमेलमध्ये कशी उतरते याला फार महत्त्व येते. ‘काहीही लागले तर केव्हाही फोन करा’ हे वाक्य अशा ईमेलमध्ये हमखास असते. वाक्य मनापासूनचे असते, पण त्याचा उपयोग कोणालाच होत नाही. मालकाला त्यातून काय मिळणार हे कळत नाही, आणि लिहिणाऱ्याला आपण कशाला होकार दिला हे पहिल्या महिन्यातच कळून चुकते.

एक उदाहरण घेऊन हे नीट पाहता येईल. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर मशीनिंग करणारे कारखाने पुष्कळ आहेत. त्यातल्याच एकासारखी, पंचाहत्तर कामगारांची आणि वर्षाला बारा कोटींची उलाढाल असलेली प्रायव्हेट लिमिटेड कंपनी डोळ्यांसमोर आणू. अकाउंट्समध्ये दोघेच आहेत. एक अनुभवी अकाउंटंट, ज्यांना सगळा कारखाना ‘मॅडम’ म्हणतो, आणि हाताखाली नोंदी करणारा एक ज्युनिअर. मॅडमचे घर आता पुण्याला हलते आहे. त्यांनी आदल्या दिवशी मालकांच्या केबिनमध्ये जाऊन ही गोष्ट तोंडाने सांगितली आहे. आधी बोलणे आणि मग लिहिणे, हाच क्रम योग्य. इतक्या वर्षांच्या माणसाचा राजीनामा मालकाला पहिल्यांदा मोबाइलच्या पडद्यावर वाचावा लागला, तर पुढे कितीही गोड शब्द असले तरी ते कडूच लागतात. दुसऱ्या दिवशी, ३ जुलैला, त्या ईमेल पाठवतात. बऱ्याच कार्यालयांत तो इंग्रजीत जातो. इथे तो मराठीत आहे. मजकूर कोणत्याही भाषेत हाच असायला हवा.

विषय: राजीनामा, कामाचा शेवटचा दिवस २२ ऑगस्ट

आदरणीय साहेब,

काल प्रत्यक्ष बोलल्याप्रमाणे मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. घर पुण्याला हलवत असल्यामुळे हा निर्णय घ्यावा लागला. नेमणूकपत्राप्रमाणे नोटीस ३० दिवसांची आहे. परंतु जून आणि जुलै या दोन्ही महिन्यांची विवरणपत्रे वेळेत जावीत म्हणून २२ ऑगस्ट हा माझा शेवटचा दिवस धरावा, अशी विनंती आहे.

जुलैत भरायची सर्व विवरणपत्रे मी भरीन आणि ज्युनिअर शेजारी बसून पाहतील. ऑगस्टमधली ते भरतील आणि मी तपासून देईन. प्रलंबित बाबींची यादी २५ जुलैपर्यंत तुम्हाला व ऑडिटरना पाठवते.

ज्या पोर्टलवर माझा मोबाइल नंबर किंवा ईमेल नोंदवलेला आहे, तिथे तो १० ऑगस्टच्या आत बदलून घेऊ. रोख रक्कम, चेकबुके आणि डिजिटल सहीचे टोकन शेवटच्या दिवशी मोजून, सहीनिशी ताब्यात देईन. त्याच संध्याकाळी माझी सर्व लॉगिन बंद करावीत.

त्यानंतर ३० सप्टेंबरपर्यंत दर शनिवारी संध्याकाळी ६ ते ७ या वेळेत, माझ्या काळातल्या नोंदींविषयीच्या शंकांना फोनवर उत्तर देईन. ऑडिटरना समोरासमोर बसायचे असेल तर एका रविवारी कोल्हापूरला येईन.

एप्रिल २०२० मध्ये कारखाना बंद असताना तुम्ही एकाचाही पगार थांबू दिला नाहीत. त्या महिन्याचे पगारपत्रक मी घरी बसून केले होते, ते मी विसरणार नाही.

राजीनामा स्वीकारल्याचे आणि तारीख मान्य असल्याचे उत्तर कृपया ईमेलनेच द्यावे.

आपली विश्वासू

यातली २२ ऑगस्ट ही तारीख सहज म्हणून लिहिलेली नाही. नोटीस फक्त ३० दिवसांची धरली असती, तर मॅडम २ ऑगस्टला मोकळ्या झाल्या असत्या. म्हणजे ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात टीडीएस, मग जीएसटी, मग पीएफ हे सगळे एकट्या ज्युनिअरच्या अंगावर पडले असते, आणि तेही आयुष्यात पहिल्यांदा. तीन आठवडे पुढे गेल्यामुळे दोन पूर्ण फेऱ्या मिळतात. पहिल्या फेरीत तो पाहतो, दुसऱ्या फेरीत स्वतः करतो. शिवाय ३१ जुलैला एप्रिल ते जून या तिमाहीचे टीडीएसचे विवरणपत्र भरायचे असते. ते तीन महिन्यांतून एकदाच येत असल्याने ते एकत्र बसून भरायची संधीही याच काळात मिळते. दुसऱ्या फेरीत १५ ऑगस्टची सुट्टी पीएफच्या नेमक्या मुदतीवर येते. ‘सुट्टी आहे म्हणजे सोळाला भरू’ असे नवख्याला वाटते. मॅडम बाजूला असतील, तर ते पैसे तेराला किंवा चौदालाच जातात.

मुदत चुकली तर काय होते तेही पाहू. ३बी उशिरा भरले तर दिवसाला ५० रुपये विलंबशुल्क लागते आणि रोखीने भरायच्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. टीडीएस कापून भरला नाही तर महिन्याला दीड टक्का व्याज, आणि महिन्याचा एक दिवस उलटला तरी पूर्ण महिना मोजला जातो. टीडीएसच्या विवरणपत्राला उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. रकमा सुरुवातीला लहान दिसतात, म्हणूनच त्यांच्याकडे दुर्लक्ष होते.

राजीनाम्यासाठी सगळ्यात अवघड काळ कोणता, हेही यावरून लक्षात येते. मार्चअखेर पुस्तके बंद करायची असतात आणि सप्टेंबरात ऑडिट व वार्षिक सर्वसाधारण सभेची घाई असते. या दोन महिन्यांत जायचेच असेल, तर नोटीस लांबवणे किंवा नंतरच्या मदतीला जास्त दिवस देणे हाच मार्ग उरतो. महिन्याच्या आत पाहिले, तर वीस तारखेनंतरचे दोनतीन दिवस जाण्यासाठी सर्वांत बरे. तोवर मागच्या महिन्याचे सगळे भरलेले असते आणि पुढच्या महिन्याचे काही सुरू झालेले नसते.

ईमेलमधले मोबाइल नंबराबद्दलचे वाक्य कोरडे वाटते, पण हस्तांतरणाचे निम्मे यश त्यातच आहे. छोट्या कंपन्यांत जीएसटी, ई-वे बिल, टीडीएस, पीएफ, व्यवसायकर या सगळ्या पोर्टलवर नोंदणी करताना मालकाला ओटीपीचा त्रास नको म्हणून अकाउंटंट स्वतःचाच नंबर टाकतो. त्या वेळी ती सोय असते. अकाउंटंट नोकरी सोडतो तेव्हा त्याच्यासोबत कंपनीचे ओटीपीही जातात.

याचा फटका कसा बसतो ते ई-वे बिलावरून कळेल. शनिवारी संध्याकाळी साडेसहाला बेळगावच्या गिऱ्हाईकासाठी कास्टिंग भरलेला टेम्पो फाटकाशी उभा आहे. माल राज्याबाहेर चालला आहे आणि किंमत पन्नास हजारांच्या वर आहे, त्यामुळे ई-वे बिलाशिवाय गाडी हलवता येत नाही. १ एप्रिल २०२५ पासून या पोर्टलवर नुसता पासवर्ड चालत नाही, ओटीपीही लागतो. ज्युनिअर मॅडमच्या जुन्या लॉगिनवर पासवर्ड टाकतो आणि ओटीपी जातो पुण्याला, मॅडमच्या फोनवर. त्या बसमध्ये असतील, लग्नात असतील किंवा नव्या कार्यालयाच्या बैठकीत असतील. टेम्पोवाला हॉर्न वाजवतो, मालक फोनवर फोन करतात, आणि आठवडाभरापूर्वी ज्यांना शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला त्यांच्याबद्दल कुरकुर सुरू होते.

यावरचा उपाय अर्ध्या तासाचा आहे. ई-वे बिलाच्या पोर्टलवर मुख्य लॉगिनखाली प्रत्येक कर्मचाऱ्यासाठी वेगळे उपलॉगिन काढता येते. त्यावर त्याचा स्वतःचा नंबर असतो आणि ओटीपी त्यालाच येतो. जीएसटी पोर्टलवर अधिकृत स्वाक्षरीकर्त्याचा नंबर आणि ईमेल नोंदणीतल्या दुरुस्तीने बदलता येतो आणि त्यासाठी अधिकाऱ्याच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. मात्र जुना पासवर्ड किंवा जुना नंबर हातातून गेल्यावर हेच काम विभागाच्या अधिकाऱ्याकडे कागदपत्रे देऊन करावे लागते, आणि त्यात किती दिवस जातील हे कंपनीच्या हातात राहत नाही. म्हणून मॅडमनी शेवटचा दिवस २२ ऑगस्ट ठेवला, पण नंबर बदलायची मुदत १० ऑगस्ट ठेवली. त्यामुळे अकरा तारखेचे जीएसटीआर-१ नव्या व्यवस्थेवर भरले जाते. काही अडले तर मॅडम अजून कार्यालयातच आहेत. बदल नीट झाला की नाही याची खूण एकच: ऑगस्टची विवरणपत्रे भरताना मॅडमच्या फोनवर एकही ओटीपी येता कामा नये.

आता प्रलंबित बाबींच्या यादीकडे येऊ. हस्तांतरणाच्या नावाखाली बहुतेक ठिकाणी एक लांबलचक कागद तयार होतो. ‘खरेदीच्या नोंदी करणे, विक्रीच्या नोंदी करणे, बँकेचा मेळ घालणे’ असा कामांचा क्रम त्यात असतो. हे सगळे ज्युनिअरला आधीच माहीत असते. त्याला माहीत नसते ते अर्धवट राहिलेले, जे कोणत्याच पुस्तकात ठळकपणे दिसत नाही आणि फक्त मॅडमच्या लक्षात असते.

उदाहरणार्थ, मागच्या आर्थिक वर्षात फेब्रुवारीत एका पुरवठादाराकडून २ लाख रुपयांची हत्यारे घेतली. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३६,००० रुपये. मालही आला आणि पैसेही दिले. पण त्या पुरवठादाराने आपल्या विक्रीच्या विवरणपत्रात ते बिल दाखवलेच नाही. दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-२बी नावाचे पत्रक तयार होते. कंपनीने केलेल्या खरेदीतले कोणते बिल पुरवठादाराने दाखवले आहे, हे त्यात दिसते. जे बिल त्यात नाही, त्याच्या कराची वजावट घेता येत नाही. मॅडम मार्चपासून त्या पुरवठादाराच्या मागे आहेत. दर महिन्याला २बी उघडून त्या हे बिल शोधतात, नाही दिसले की फोन करतात. मागच्या वर्षीच्या बिलांची वजावट घ्यायची शेवटची तारीख यंदाचा ३० नोव्हेंबर आहे. त्याआधीच वार्षिक विवरणपत्र भरले गेले, तर मुदत त्याच दिवशी संपते. मॅडम गेल्यावर हा फोन कोणी केला नाही, तर ३६,००० रुपये कायमचे जातील, आणि ते गेल्याचे कोणाला कळणारही नाही.

यादीत ही गोष्ट एका ओळीत ‘अमुक पार्टीचे २बी बाकी’ अशी लिहून भागत नाही. बिलाचा क्रमांक आणि तारीख, कराची रक्कम, त्या फर्ममध्ये कोणाशी बोलायचे, शेवटचे बोलणे कधी झाले आणि ते काय म्हणाले, आणि ३० नोव्हेंबर ही तारीख, एवढे लिहिले तर चार महिन्यांनी वाचणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. अशीच नोंद गिऱ्हाईकांबद्दलही लागते. एखादा मोठा खरेदीदार दर महिन्याला नापास मालाची डेबिट नोट पाठवतो आणि त्यातल्या काही नोटा वादात असतात. उधारीच्या यादीत त्याच्याकडून येणे ४ लाख दिसते, पण त्यातले ६० हजार येणार नाहीत हे मॅडमना ठाऊक असते. ज्युनिअर मात्र पूर्ण चार लाखांसाठी तगादा लावील आणि जुना संबंध बिघडवील.

बँकेचा मेळही असाच. कंपनीच्या पुस्तकात ४,१२,३०० रुपये शिल्लक आहेत आणि बँकेच्या उताऱ्यात ५,३७,३००. फरक १,२५,००० रुपयांचा. त्याचे कारण असे की ८०,००० आणि ४५,००० रुपयांचे दोन चेक दिलेले आहेत, पण अजून बँकेत वटलेले नाहीत. हे दोन चेक कोणाला आणि कधी दिले, एवढे लिहिले की फरकाची भीती जाते. न लिहिल्यास नवा माणूस बँकेचा आकडा पाहून ‘पैसे जास्त आहेत’ असे मालकांना सांगतो आणि दुसराच चेक परत येतो. ‘सस्पेन्स’ खात्यात पडून असलेल्या रकमांचे तर जाण्यापूर्वी एकेक करून मूळ शोधायलाच हवे. ज्यांचे मूळ सापडत नाही त्या स्पष्टपणे मालकांच्या आणि ऑडिटरच्या नजरेस आणून द्याव्यात. दडवलेला सस्पेन्स सहा महिन्यांनी सापडला, तर संशय गेलेल्या माणसावरच येतो.

शेवटच्या दिवशी टेबलाचा खण रिकामा करायचा असतो. लहान कारखान्यातल्या अकाउंटंटच्या खणात काय काय निघते, हे बाहेरच्याला सांगून खरे वाटणार नाही. संचालकांच्या डिजिटल सहीचे टोकन असते, कारण कंपनीला जीएसटीचे विवरणपत्र डिजिटल सहीने भरावे लागते आणि दर वेळी संचालकांना कोण बोलावणार? मालक परगावी जाताना सही करून ठेवलेले दोनचार कोरे चेक असतात. गाडीची आरसी असते, मशीनच्या विम्याची पॉलिसी असते, एखाद्या कामगाराचे मूळ आधार कार्डही असते. यातल्या प्रत्येक वस्तूची नोंद होऊन पोच घेतली जावी. कोऱ्या चेकचे क्रमांक लिहून ते मालकांसमोर रद्द करणे सर्वांत चांगले.

रोकड मोजायची तीही दोघांसमोर. समजा कॅशबुकात १८,४६० रुपये शिल्लक आहेत आणि तिजोरीतल्या नोटा-नाणी मोजली तर १५,९६० भरतात. २,५०० कमी. तिजोरीच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी सापडते: ड्रायव्हरला डिझेलसाठी २,५०० दिले. आता हिशेब जुळला, पण चिठ्ठी म्हणजे व्हाउचर नव्हे. ड्रायव्हरची सही घेऊन त्याच दिवशी व्हाउचर करावे, नोंद करावी आणि मगच १५,९६० रुपये ताब्यात दिल्याच्या कागदावर दोघांनी सह्या कराव्यात. ‘राहू दे मॅडम, सोमवारी करतो’ असे ज्युनिअर म्हणतो. सोमवारी मॅडम नसतात.

नंतरच्या मदतीचा परिच्छेद लिहिताना बहुतेकांचा हात सैल सुटतो, आणि नेमके इथेच तो आखडता घ्यावा. ईमेलमध्ये तीन मर्यादा आहेत: कधीपर्यंत, कोणत्या वेळी, कशाबद्दल. ३० सप्टेंबर ही तारीख ऑडिट आणि सभेच्या नेहमीच्या मुदतीवरून आली आहे, कारण त्यानंतर जुन्या नोंदींबद्दल प्रश्न फारसे उरत नाहीत. शनिवारी संध्याकाळचा एक तास दिल्यामुळे ज्युनिअर आठवडाभराच्या शंका एका कागदावर लिहून ठेवतो, आणि त्यातल्या निम्म्यांची उत्तरे फोन करायच्या आधी त्याला स्वतःलाच सापडतात. ‘माझ्या काळातल्या नोंदींविषयी’ हे शब्द सर्वांत मोलाचे आहेत. २२ ऑगस्टपूर्वीच्या व्यवहाराबद्दल मॅडम सांगतील, पण सप्टेंबरचा कर किती भरायचा हे त्या ठरवणार नाहीत. जिथे त्यांची जबाबदारी नाही, तिथला सल्ला कंपनीने त्यांच्याकडून मोफत मागू नये आणि त्यांनीही भिडेखातर देऊ नये. काम त्याहून मोठे असेल, तर ठरलेल्या मोबदल्यावर वेगळा करार करावा, आणि नव्या मालकांची त्याला हरकत नाही ना हे आधी विचारावे.

एक गोष्ट मात्र मदत म्हणूनही करू नये: नोकरी सोडल्यावर जुन्या लॉगिनने नोंद करणे किंवा घरी बसून विवरणपत्र भरून देणे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी वापरायच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे कायद्याने आवश्यक झाले आहे. टॅलीत कोणत्या युजरने, कोणत्या दिवशी, कोणते व्हाउचर बदलले हे कायमचे दिसते. मॅडमचे लॉगिन चालू राहिले आणि ज्युनिअरने सोयीसाठी तेच वापरले, तर सप्टेंबरातल्या चुका मॅडमच्या नावावर जमा होतात. म्हणूनच ‘त्याच संध्याकाळी माझी सर्व लॉगिन बंद करावीत’ असे त्यांनी स्वतःहून लिहिले आहे. त्याच कारणाने टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घरी नेऊ नये आणि पगारपत्रके स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवू नयेत. मदतीला उपयोगी पडेल या विचाराने माणसे हे करतात. पण त्या फाइलींत पंचाहत्तर जणांचे पगार, बँक खाती आणि आधार क्रमांक असतात.

कृतज्ञतेच्या दोन ओळी शेवटी आल्या आहेत आणि त्यात फक्त एक प्रसंग आहे. ‘इथे खूप शिकायला मिळाले’ हे प्रत्येकाच्या राजीनाम्यात असते. एप्रिल २०२० चे पगारपत्रक मात्र याच कारखान्यातले आणि याच दोघांमधले आहे. तक्रारी, राहिलेली पगारवाढ, कोणाचे वागणे, यातले काही असेल तर ते केबिनमध्ये बोलावे. हा ईमेल फाइलमध्ये राहणार आहे आणि तो पुढे ऑडिटर, नवे संचालक, कदाचित नवा अकाउंटंटही वाचणार आहे.

यापुढचे काम मालकांचे. राजीनाम्याचा ईमेल वाचून ‘ठीक आहे’ असे तोंडाने म्हणणे पुरेसे नाही. कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याने २३ वर्षांच्या नोकरीनंतर डिसेंबर २०१३ मध्ये राजीनामा दिला आणि मे २०१४ मध्ये तो मागे घेतला. राजीनामा आधीच स्वीकारला होता, असे रेल्वे महामंडळाचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये निकाल दिला, की ते स्वीकृतीपत्र कार्यालयातल्या कार्यालयात राहिले होते आणि कर्मचाऱ्यापर्यंत पोहोचल्याचे दिसत नव्हते. त्यामुळे राजीनामा अंतिम झालाच नव्हता. त्याला पुन्हा कामावर घेण्याचा आदेश झाला. दहा वर्षांहून जास्त चाललेला हा वाद एका पोहोचलेल्या पत्राने टळला असता. म्हणून मालकांनी त्याच ईमेलला उत्तर देऊन तीन गोष्टी लिहाव्यात: राजीनामा स्वीकारला, शेवटचा दिवस २२ ऑगस्ट मान्य आहे, आणि देणी कोणत्या तारखेला मिळतील.

ती देणी किती, हे मॅडमनी स्वतः ठरवू नये, जरी इतकी वर्षे सगळ्यांचा हिशेब त्यांनीच केला असला तरी. तो ज्युनिअरने करावा आणि ऑडिटरने पाहावा. ग्रॅच्युइटीचे गणित सोपे आहे. त्यासाठी धरले जाणारे मासिक वेतन २६ ने भागायचे, १५ ने गुणायचे आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचे. सहा महिन्यांहून जास्त उरलेला काळ पूर्ण वर्ष मानतात. वेतन २६,००० रुपये आणि नोकरी ११ वर्षे ७ महिने असेल, तर १५,००० गुणिले १२, म्हणजे १,८०,००० रुपये. ही रक्कम ३० दिवसांत द्यावी लागते. पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने भरायची असते. ती भरली गेली नाही, तर पुण्यातल्या नव्या खात्यात निधी वर्ग करताना अडचण येते. या कंपनीत पीएफचे पोर्टल आजवर मॅडमच हाताळत होत्या, त्यामुळे हे काम नेमके त्यांच्याच बाबतीत राहून जाण्याची शक्यता सर्वांत जास्त. ज्युनिअरच्या सप्टेंबरच्या कामात ते लिहूनच ठेवावे.

ज्यांच्या कार्यालयात आज कोणी राजीनामा दिलेला नाही, त्या मालकांनीही एक काम याच आठवड्यात करावे. जीएसटी, ई-वे बिल, टीडीएस आणि पीएफ या चारही पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल नंबर कोणाचा आहे, ते अकाउंटंटला शेजारी बसवून स्वतः पाहावे. तो कंपनीचा नसेल, तर कंपनीच्या नावाने एक सिमकार्ड घ्यावे आणि चारही ठिकाणी तो नंबर नोंदवून ठेवावा.